वजनाचा दाखला जुलैतच घ्यावा : क्रीडा आयुक्तांस खुले पत्र

मा. आयुक्त,
क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य,
पुणे यांस,



पावसाळ्याचा जोर ओसरू लागला की आपल्या दफ्तरातून शालेय स्पर्धांची वेळापत्रके जिल्ह्याजिल्ह्यांना रवाना होतात, आणि कृष्णाकाठच्या ज्या तालमींच्या शेजारी माझा दवाखाना गेली अनेक वर्षे चालू आहे त्या तालमींत चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांचे जेवण त्याच सुमारास कमी होऊ लागते. मेहनत थांबत नाही. उलट ती वाढते. जोर, बैठका, हौद्यातली लढत, मॅटवरचा सराव हे सर्व यथास्थित चालू असताना भाकरी मात्र दोनावरून एकावर येते, भात बंद होतो, आणि वजन घेण्याच्या आधीचे दोन दिवस पाणीही घोटाघोटाने, नजर चुकवून, प्यावे लागते. या पत्राचा विषय एवढाच आहे. तो लहान वाटला तरी त्याची दुरुस्ती करण्याचा अधिकार वस्तादांकडे नाही, पालकांकडे नाही आणि माझ्यासारख्या डॉक्टराकडे तर मुळीच नाही. तो आपल्या परिपत्रकाकडे आहे, म्हणून हे पत्र आपणांस आणि उघडपणे लिहीत आहे.

वजनाच्या आदल्या रात्री काय चालते ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडा तपशील देतो. मुलगा अंगात दोन बनियन, त्यांवर प्लास्टिकचा रेनकोट, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि कानाला मफलर अशा थाटात बंद खोलीत दोरीवरच्या उड्या मारतो. अर्ध्या तासाने रेनकोटाच्या बाह्या मनगटाशी उलट्या केल्या की आत साचलेला घाम फरशीवर धार धरून पडतो, आणि ती धार पाहून भोवतालच्या मंडळींना समाधान वाटते. त्यानंतर त्याला घोंगडीत गुंडाळून बसवतात. तोंडाला कोरड पडली की चूळ भरायची परवानगी असते, गिळायची नसते. काही मुले लाळ थुंकून डबा भरतात, कारण शंभर ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम. सकाळी काट्यावर चढताना बनियनही काढतात, श्वास बाहेर सोडून उभे राहतात (श्वास सोडल्याने काट्यावरचा आकडा बदलत नाही हे त्यांना कोणी सांगितलेले नसते), आणि आकडा जमला की जो जल्लोष होतो तो पुष्कळदा कुस्ती जिंकल्यावरही होत नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट यांना ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी शंभर ग्रॅम अधिक भरल्यामुळे बाद व्हावे लागले, तेव्हा सारा देश त्या शंभर ग्रॅमांविषयी बोलत होता. त्या चर्चेत नियम कठोर की व्यवस्था ढिली एवढाच वाद झाला. परंतु ती एका प्रौढ, जाणत्या आणि वैद्यकीय पथकाने वेढलेल्या मल्लाची कथा होती. सोळा वर्षांच्या मुलाची कथा निराळी आहे, आणि ती निराळी असण्याचे कारण असे की प्रौढाचे वजन ही बऱ्याच अंशी स्थिर वस्तू असते, तर वाढत्या मुलाचे वजन हे स्वभावतःच चढते असते.

मुलांच्या बाबतीत साधारणपणे तेरा-चौदाव्या वर्षाच्या आगेमागे उंची सर्वाधिक वेगाने वाढते. त्या ऐन वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटिमीटरही उंचावतो, आणि वजनाचा वेग त्याच्या थोडा मागून येऊन एका वर्षात आठ-नऊ किलोंची भर घालतो. मुलींत हाच क्रम सुमारे दोन वर्षे आधी घडतो. उंचीच्या या उसळीच्या आगेमागची दोन वर्षे धरली तर प्रौढ माणसाच्या अस्थींत जेवढे खनिज असते त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा एवढ्या अल्प मुदतीत अस्थींत जमा होतो. आता आंतरराष्ट्रीय कोष्टकाप्रमाणे सतरा वर्षांखालील मुलांचे वजनगट पाहा : ४८, ५१, ५५, ६०. निरोगी मुलाने हे जिने एकामागून एक चढावेत, गेल्या वर्षी ४८ मध्ये खेळलेला मुलगा यंदा ५१ किंवा ५५ मध्ये दिसावा, हाच निसर्गाचा शिरस्ता आहे. जो मुलगा दोन हंगाम ५१ मध्येच दिसतो, आणि दरम्यान ज्याची विजार मात्र घोट्याच्या वर गेलेली असते, त्याच्या बाबतीत काहीतरी रोखून धरलेले आहे असे समजण्यास हरकत नाही. माझ्या मते वजन एका रात्रीत उतरवणे हा या प्रकरणातला भयंकर भाग खरा, परंतु अधिक व्यापक हानी या रोखून धरण्यात आहे. ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, कारण तिच्यात कोणी बेशुद्ध पडत नाही.

हे रोखून धरणे का घडते, याची कारणे दुष्टपणाची नाहीत. शाळेतर्फे एका गटात एकच मल्ल जाणार; ५५ मध्ये तालमीतला थोरला, कसलेला मुलगा असतो; म्हणून धाकट्याला ५१ मध्ये ‘बसवायचे’. शिवाय खेळाडूला परीक्षेत मिळणारे वाढीव गुण आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण यांचा हिशेब पालकांच्या मनात असतो, आणि कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या बापाने तो करावा यात मला तरी काही गैर दिसत नाही. गैर एवढेच की त्या हिशेबात मुलाच्या शरीराची बाजू मांडलेली नसते.

ती बाजू एका उदाहरणाने मांडतो. सोळा वर्षांचा एक मुलगा घ्या. जुलैच्या अखेरीस त्याचे वजन ५४ किलो आहे आणि अंगावरील चरबी शेकडा दहा, म्हणजे सुमारे ५.४ किलो. उरलेले ४८.६ किलो म्हणजे स्नायू, अस्थी, रक्त, अवयव आणि पाणी. त्याला सप्टेंबरात ५१ मध्ये उतरवायचे आहे. तालमीत म्हणतील, तीनच किलो तर आहेत. परंतु अमेरिकेतील शालेय क्रीडासंघांच्या राष्ट्रीय महासंघाने २००६-०७ च्या हंगामापासून असा दंडक घातला आहे की मुलाच्या अंगावरील चरबी शेकडा सातांच्या खाली जाईल इतके कमी वजन त्याला मंजूर करायचे नाही. मुलींसाठी ही मर्यादा शेकडा बारा आहे. आपल्या मुलाचे चरबीविरहित वजन ४८.६ किलो, ते एकूण वजनाच्या शेकडा ९३ व्हायला हवे. भागाकार केला की ५२.३ किलो येतात. म्हणजे हा मुलगा कितीही शहाणपणाने, कितीही सावकाश उतरला तरी त्याची किमान पायरी ५२.३ आहे, आणि ५१ चा गट त्याच्यासाठी बंद आहे. पाचवीतला भागाकार येणाऱ्या कोणालाही हे पाच मिनिटांत काढता येते. पण ते आज कोणी काढत नाही, कारण ते काढण्याची कोणावर जबाबदारी नाही.

आता अन्नाचा जमाखर्च. पहाटे आणि सायंकाळी मिळून अडीच-तीन तासांच्या मेहनतीत असा मुलगा सुमारे ९०० उष्मांक खर्च करतो. मेहनतीचा खर्च वजा जाता जे उष्मांक उरतात त्यांवर हृदय, मेंदू, पचन, रोगप्रतिकार, वयात येणे आणि वाढणे ही सर्व खाती चालायची असतात. क्रीडावैद्यकात या शिलकीचे माप चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे काढतात : ४५ उष्मांक असले तर कारभार सुरळीत, ३० च्या खाली गेले तर शरीर खात्यांमागून खाती तहकूब करू लागते. ही मापे मुख्यतः प्रौढ स्त्रियांवरील प्रयोगांतून आलेली आहेत, तेव्हा वाढत्या मुलाला त्याहून थोडे अधिकच लागणार हे उघड आहे. आपल्या मुलाला ४५ च्या हिशेबाने २१८७, अधिक मेहनतीचे ९००, म्हणजे जवळजवळ ३१०० उष्मांक रोज हवेत. तो ऑगस्टभर एक वेळची दोन भाकरी, थोडे कालवण, एक पेला दूध आणि दोन अंडी यांवर, उदारपणे मोजले तरी, १५०० वर राहतो. वजा ९००, उरले ६००. दर किलोमागे बारा. या बारामध्ये वाढीच्या खात्याला काय मिळणार?

शरीर प्रथम कोणते खाते बंद करते हे जाणण्याजोगे आहे. हृदय आणि मेंदू यांना ते हात लावत नाही. त्याच्या लेखी आजच्या आज जीव जगवण्याशी ज्याचा संबंध नाही ते सारे उधळपट्टीचे : नवा स्नायू, नवी अस्थी, पौरुषाचे संप्रेरक, रक्तातील लोहाची भरती. म्हणून अशा मुलाच्या अंगात ताकद भरण्याऐवजी ती घटते, सर्दीखोकला हटत नाही, वर्गात दुपारी डोळे मिटतात, आणि नडगीच्या हाडात बारीक तडा जाऊन तो ‘पाय दुखतो’ म्हणत माझ्याकडे येतो. गेल्या काही हंगामांत असा एक मुलगा आईबरोबर आला होता. क्ष-किरण चित्रात तडा दिसलाही नव्हता. तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांत दिसतच नाही. बोटाने नडगीच्या एका नेमक्या जागी दाबले तेव्हा तो कळवळला. मी आईला विचारले, “हा गेल्या वर्षापेक्षा उंच झाला का?” ती म्हणाली, “व्हय, चांगला चार बोटं वाढलाय.” “आणि वजन?” त्यावर मुलानेच मोठ्या अभिमानाने उत्तर दिले : “तेवढंच हाय, डॉक्टर. अजून त्याच गटात बसतो.”

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे, कारण अतिशयोक्तीने चांगला पक्षही दुबळा होतो. वजन उतरवल्याने मुलगा कायमचा खुजा राहतो असे भय पुष्कळदा घातले जाते. त्याला भक्कम पुरावा नाही. रोमिक आणि सिनिंग या अमेरिकन संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळकरी मल्लांची, न खेळणाऱ्या मुलांशी तुलना करून, हंगामाच्या आधी, हंगामात आणि नंतर तपासणी केली होती. हंगामात स्नायूंची भर खुंटली, हातापायांची ताकद मागे पडली, प्रथिनांच्या पोषणाची रक्तातील खूण घसरली. परंतु उंचीची वाढ मात्र थांबली नाही, आणि हंगाम संपून पोटभर अन्न मिळताच शरीराने झपाट्याने भरपाई केली. हे वाचून कोणी निश्चिंत व्हावे असे मला वाटत नाही. ती भरपाई हंगाम संपल्यावर मिळणाऱ्या चांगल्या अन्नावर आणि पुरेशा विसाव्यावर अवलंबून होती. आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी साखळी चालते, मधूनच गावोगावच्या मैदानांची निमंत्रणे येतात, आणि ज्याच्या घरी दूध डेअरीला घालूनच संसार चालतो त्या मुलाच्या वाट्याला भरपाईचा काळ येतोच असे नाही. शिवाय ज्या महिन्यांत ताकद हवी त्याच महिन्यांत ती घटते, हे खुद्द कुस्तीच्या दृष्टीने तरी कोणत्या शहाणपणात बसते?

मुलींविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. आपल्या राज्यात मुली मोठ्या संख्येने आखाड्यात उतरू लागल्या याचा आनंद मानतानाच त्यांच्या बाबतीत शरीराने दिलेली सूचना अधिक स्पष्ट असते हे सांगितले पाहिजे. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नसेल, किंवा सुरू झालेली पाळी लागोपाठ तीन महिने आली नसेल, तर ती ‘मेहनतीमुळे होणारी साधी गोष्ट’ नव्हे. ऊर्जेची शिलक संपल्याची ती खूण असू शकते, आणि ती खूण उमटत असताना अस्थींतील खनिजाचा साठा भरायचे थांबलेले असते. तालमीतले पुरुष मार्गदर्शक हा प्रश्न विचारण्यास संकोचतात, मुली सांगण्यास संकोचतात, आणि काही ठिकाणी तर पाळी थांबली म्हणजे ‘आता सराव चुकत नाही’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला जातो. त्यातच आपल्या देशाच्या पोषणविषयक शिफारशींत तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह आवश्यक मानले आहे. अर्धपोटी राहून ते भागणे अशक्यच.

पाण्याचा प्रश्न याहून तातडीचा आहे. शेवटच्या दोन दिवसांत जे अडीच-तीन किलो उतरतात त्यांत चरबी जवळजवळ नसते. थोडा भाग रिकाम्या आतड्याचा, थोडा स्नायूंतील ग्लायकोजेन या साठवणीच्या इंधनाचा आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर बांधलेल्या सुमारे तीन ग्रॅम पाण्याचा, आणि उरलेला निव्वळ घामाचा असतो. म्हणजे मुलगा ज्या इंधनावर लढणार तेच प्रथम काढून टाकलेले असते. रेनकोट घालण्यात विशेष धोका असा की घाम येण्याने शरीर थंड होत नाही. घाम वाळण्याने होते. प्लास्टिकच्या आत घाम वाळत नाही, म्हणून उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढते. इकडे रक्तातले पाणी घटते, रक्त दाटते, हृदय अधिक वेगाने धावते, आणि शरीराचा ताप चढत जातो. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत सुमारे महिन्याभराच्या अवधीत तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच रीतीने, तापलेल्या खोलीत रबरी पोशाखात व्यायाम करताना, मरण पावले. त्यांची वये १९ ते २२ होती. त्यांतील एक विस्कॉन्सिन राज्यातील होता, आणि विशेष म्हणजे त्याच राज्यात शाळकरी मल्लांसाठी किमान वजनाचा नियम त्यापूर्वीच लागू झालेला होता. महाविद्यालयीन मुलांसाठी मात्र तो नव्हता. त्या तीन मृत्यूंनंतर तेथील महाविद्यालयीन संघटनेने रबरी पोशाख, तापलेल्या खोल्या आणि लघवी वाढवणारी औषधे यांना बंदी केली व वजन लढतीच्या अगदी तोंडावर घेण्याचा हुकूम काढला.

वजन झाल्यावर ‘पाणी पिऊन घेतो’ हे उत्तर नेहमी मिळते. गमावलेल्या प्रत्येक किलोमागे सुमारे दीड लिटर पाणी, तेही मिठासह, परत घ्यावे लागते, कारण काही भाग लघवीवाटे निघून जातो. अडीच किलोंना पावणेचार लिटर झाले. आणि आतडे तासाला जेमतेम एक लिटर शोषते. दोन तासांनी लढत असेल तर मुलगा अर्धा कोरडा आणि पोटात डचमळणारे पाणी घेऊन मॅटवर उतरतो. ग्लायकोजेनचा साठा भरायला तर जवळजवळ एक पूर्ण दिवस लागतो.

मला ठाऊक आहे की या पत्रावर काही जुनी मंडळी म्हणतील, पैलवानकी म्हणजे कष्ट, आणि कष्टाला वैद्यांनी नाके मुरडू नयेत. त्यांना माझे नम्र सांगणे असे की ही रीत आपल्या परंपरेतली नव्हेच. मातीतल्या मैदानी कुस्तीत जोड नजरेने, अंगकाठीने आणि नावलौकिकाने लावली जाई. काटा मध्ये नव्हता. तालमीचा संस्कार खाण्याचा होता : दूध, तूप, बदामाची थंडाई, खुराकासाठी संस्थानिकांची नेमणूक. उपासाने वजन उतरवण्याची विद्या मॅट आणि काटा यांच्या मागोमाग आली. आणि ज्यांच्या तसबिरीला आपण सारे हार घालतो ते कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो गटात, सहावे आले होते. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले ते बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात. ते वरच्या गटात गेल्यामुळेच पदक मिळाले असे मी म्हणणार नाही. पण वरच्या गटात जाणे म्हणजे हार मानणे नव्हे, हे सांगायला याहून जवळचा दाखला आपल्या मातीत नाही.

मग मुलाने खावे काय? आपल्या त्याच ५४ किलोंच्या मुलाला सुमारे ३१०० ते ३२०० उष्मांक साध्या घरच्या अन्नातून मिळू शकतात, आणि त्यासाठी डब्यातल्या महागड्या पावडरीची गरज नाही. पहाटे मेहनतीपूर्वी दोन केळी. मेहनत संपल्यावर तासाभरात अर्धा लिटर म्हशीचे दूध, दोन अंडी आणि मूठभर बदामांची थंडाई. दुपारी दोन भाकऱ्या, मटकीची वाटीभर उसळ आणि थोडा भात. चार वाजता, सायंकाळच्या सरावाआधी, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. रात्री पुन्हा दोन भाकऱ्या, वरणभात आणि पेलाभर दूध. एवढ्यात प्रथिने शंभर ग्रॅमच्या आसपास जातात, म्हणजे त्या वयाच्या सामान्य मुलाला लागणाऱ्या ५५ ग्रॅमांच्या जवळजवळ दुप्पट. अंडे न खाणाऱ्याने दूध वाढवावे. तालमीत प्रथिनांचा विचार पुष्कळ होतो, पिष्टमय पदार्थांचा मात्र तिरस्कार केला जातो. वास्तविक दोन वेळच्या मेहनतीचे इंधन भाकरी, भात आणि केळे यांतच आहे, आणि ते कमी पडले की शरीर प्रथिनेच जाळून काम भागवते. बदाम परवडत नसतील तर शेंगदाणे दुप्पट करावेत, त्यात काही उणे होत नाही. चरबी खरोखरच अधिक असलेल्या मुलाला वजन कमी करायचे झाले तर त्याचा काळ हंगामाआधीचा उन्हाळा. आणि वेग आठवड्याला वजनाच्या शेकडा दीडहून अधिक नको, म्हणजे ५४ किलोंच्या मुलाने आठवड्याला फार तर ८०० ग्रॅम. ही कमाल मर्यादा आहे. वाढीच्या ऐन भरात असलेल्या मुलाने उतरूच नये.

आता तजवीज. तालुका स्पर्धांपूर्वी, जुलै महिन्यात, प्रत्येक शालेय मल्लाची उंची, वजन आणि चरबीचे माप घेऊन त्याचा किमान वजनगट ठरवणारा दाखला द्यावा, आणि त्या दाखल्याखालच्या गटात हंगामभर कोणालाही रुजू करून घेऊ नये. चरबी मोजण्यास चिमट्यासारखे साधे उपकरण पुरते. मुलांच्या बाबतीत दंडाची मागची बाजू, खांद्याच्या पात्याखालची त्वचा आणि पोट अशा तीन जागी घडी मोजतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून तपासणीला जातातच; त्यांना आणि क्रीडाशिक्षकांना हे माप एका दिवसात शिकवता येईल. या मापात चूक होते हे मी लपवत नाही : मोजणाऱ्याच्या हातावर शेकडा तीनचा फरक पडू शकतो, आणि ज्या सूत्रांनी घडीवरून चरबी काढतात ती परदेशी मुलांवर बेतलेली आहेत. म्हणून संशय असेल तेथे मुलाला वरचा गट द्यावा, खालचा नव्हे. दाखल्याच्या दिवशी मुलगा आधीच कोरडा होऊन आला तर सारेच व्यर्थ. त्यासाठी लघवीची पट्टी लावून तिची घनता १.०२५ च्या वर असल्यास वजन दुसऱ्या दिवशी घ्यावे. यातही पळवाट आहे, भरपूर पाणी पिऊन घनता पाडता येते. पण मग वजन वाढते, तेव्हा ती पळवाट मुलाच्या हिताचीच ठरते.

वजन लढतीच्या तोंडावर घेण्याची पद्धत चांगली, परंतु एकटी पुरेशी नाही. दाखल्याची जोड नसेल तर मुले कोरडीच लढतात, इतकाच फरक पडतो. रेनकोट आणि प्लास्टिक यांना स्पर्धास्थळी व निवासस्थानी सरळ बंदी असावी, आणि ती मोडल्यास मुलाला नव्हे तर त्याच्या पथकप्रमुखाला उत्तर द्यावे लागावे. दाखल्याच्या नोंदवहीत गतवर्षीची उंची-वजनाची ओळ समोरासमोर छापावी. उंची पाच सेंटिमीटर वाढली आणि वजन तेथेच, असे दिसले की त्या मुलाला वैद्यकीय तपासणीशिवाय पुढे जाऊ देऊ नये. या एका ओळीने जेवढे प्रकार उघडकीस येतील तेवढे कोणत्याही व्याख्यानाने येणार नाहीत.

खर्च फार नाही. चिमटे, लघवीच्या पट्ट्या, एक नोंदवही आणि आपली सही. येत्या हंगामाचे परिपत्रक निघण्यापूर्वी हे कलम त्यात समाविष्ट करावे, आणि पहिल्या वर्षी सर्व राज्यात शक्य नसेल तर निदान कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांत ते लागू करून नोंदवह्या प्रसिद्ध कराव्यात, ही विनंती. मोजणीच्या कामासाठी जुलैत माझा दवाखाना आणि माझा वेळ मोफत उपलब्ध आहे, आणि भागातील इतर डॉक्टरही येतील असा भरवसा मी देतो.



आपला विश्वासू,
कराड तालुक्यातील एक डॉक्टर